विमा दावा फेटाळला: आधी लोकपाल की आधी ग्राहक आयोग?

दावा फेटाळल्याचे विमा कंपनीचे पत्र सहसा एका पानात संपते. पॉलिसीतील कुठल्या तरी कलमाचा क्रमांक, त्यावरून काढलेला निष्कर्ष आणि शेवटी खेद, एवढाच त्याचा ऐवज. तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेले असते की निर्णय मान्य नसल्यास कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे आणि त्यानंतर विमा लोकपालाकडे दाद मागता येईल. ग्राहक आयोगाचा उल्लेख त्यात अनेकदा नसतोच. आणखी एक गोष्ट त्या पत्रात नसते, ती म्हणजे मुदतीचा हिशेब. हे पत्र हाती पडल्यानंतर दोन वेगवेगळ्या मुदती सुरू होतात. त्यांची लांबी वेगळी असते आणि त्यांचा आरंभबिंदूही वेगळा असतो. एका दारातून दुसऱ्या दाराकडे जाता येते. पण उलट दिशेने परतता येत नाही. अनेक खरे दावे दाव्यातील उणिवेमुळे नव्हे, तर हा क्रम चुकल्यामुळे हातचे जातात.

हा क्रम समजून घेण्यासाठी एक उदाहरण घेऊ. ते काल्पनिक आहे. मात्र त्यातील प्रत्येक टप्पा अशा तक्रारींत नेहमी आढळणारा आहे.

फोंड्यातील एक कुटुंब

फोंडा तालुक्यातील एका निवृत्त शिक्षकाने स्वतःसाठी व पत्नीसाठी पाच लाख रुपयांची आरोग्य विमा पॉलिसी घेतली होती. वार्षिक हप्ता ३१ हजार रुपये. पॉलिसीचे चौथे वर्ष चालू असताना पत्नीच्या छातीत दुखू लागले. बेळगावच्या एका रुग्णालयात त्यांची अँजिओप्लास्टी झाली. कॅशलेस सुविधा नाकारली गेल्याने ३ लाख ४० हजार रुपयांचे बिल कुटुंबाने स्वतः भरले आणि परताव्यासाठी कंपनीकडे कागदपत्रे पाठवली.

१० जून २०२३ रोजी कंपनीचे पत्र आले. रुग्णालयाच्या डिस्चार्ज कार्डावर ‘उच्च रक्तदाब, पाच वर्षे’ अशी नोंद असून पॉलिसी घेताना प्रस्ताव अर्जात हा आजार सांगितलेला नाही, म्हणून दावा फेटाळण्यात येत आहे, असे त्यात म्हटले होते. कुटुंबाचे म्हणणे वेगळे होते. रक्तदाबाची गोळी दोन वर्षांपूर्वी सुरू झाली होती. दाखल होतानाच्या धावपळीत शिकाऊ डॉक्टरने नातेवाइकाला विचारून अंदाजाने ‘पाच’ लिहिले होते.

शिक्षकांनी ७ जुलै रोजी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार केली. ४ ऑगस्ट २०२३ रोजी उत्तर आले: निर्णय कायम.

या दोन तारखा, १० जून आणि ४ ऑगस्ट, पुढील सगळ्या हिशेबाचा पाया आहेत.

पहिली मुदत: लोकपालाचे एक वर्ष

विमा लोकपाल ही यंत्रणा ‘विमा लोकपाल नियम, २०१७’ या नियमांवर चालते. लोकपालाकडे थेट जाता येत नाही. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी लागते. कंपनीने ती फेटाळली, दिलेले उत्तर समाधानकारक नसले किंवा महिनाभरात उत्तरच आले नाही, तरच लोकपालाचे दार उघडते. तेथून पुढे एक वर्षाची मुदत असते. कंपनीचे उत्तर आले असेल तर ते मिळाल्याच्या तारखेपासून, आणि आलेच नसेल तर तक्रार पाठवल्यानंतरचा एक महिना संपल्यापासून, ते वर्ष मोजले जाते.

म्हणजे शिक्षकांची ही मुदत दावा फेटाळल्याच्या १० जूनपासून नव्हे, तर तक्रारीवर उत्तर मिळाल्याच्या ४ ऑगस्टपासून सुरू झाली. ती ४ ऑगस्ट २०२४च्या सुमारास संपणार होती. उशीर झाल्यास कंपनीचे आक्षेप मागवून तो माफ करण्याचा अधिकार लोकपालाला आहे. पण तो अधिकार लोकपालाचा आहे, तक्रारदाराचा हक्क नव्हे.

लोकपालाकडे शुल्क नाही. वकील किंवा एजंट यांच्यामार्फत तक्रार चालवता येत नाही. विमाधारक स्वतः, त्याचा कायदेशीर वारस, नामनिर्देशित व्यक्ती किंवा ज्याच्या नावे पॉलिसी हस्तांतरित झाली आहे ती व्यक्ती, यांनीच बाजू मांडायची असते. तक्रार cioins.co.in या संकेतस्थळावरूनही दाखल करता येते आणि सुनावणी व्हिडिओ कॉन्फरन्सने होऊ शकते. गोव्यात लोकपालाचे कार्यालय नसल्याने येथील तक्रारदारांच्या दृष्टीने ही सोय महत्त्वाची आहे. आपली तक्रार महाराष्ट्रातील कोणत्या कार्यालयाच्या कक्षेत येते, ते पॉलिसीच्या शेवटी छापलेल्या लोकपाल कार्यालयांच्या यादीत पाहून घ्यावे.

लोकपाल प्रथम दोन्ही पक्षांच्या संमतीने मध्यस्थी करू शकतो. त्यातून तोडगा निघाला तर लोकपाल शिफारस करतो. तक्रारदाराने ती पंधरा दिवसांत लेखी स्वीकारली तर प्रकरण संपूर्णतः मिटले असे समजले जाते. या ठिकाणी सावध असावे. स्वीकारपत्रावर सही करणे म्हणजे उरलेल्या रकमेवरील हक्क सोडणे होय. त्यानंतर त्याच वादासाठी ग्राहक आयोगाकडे जाण्याला फारसा अर्थ उरत नाही.

मध्यस्थी यशस्वी झाली नाही तर लोकपाल निवाडा देतो. आवश्यक कागदपत्रे पूर्ण मिळाल्यापासून तीन महिन्यांत तो द्यावा, असे नियम सांगतात. निवाड्याची कमाल मर्यादा पूर्वी ३० लाख रुपये होती. नोव्हेंबर २०२३मध्ये ती ५० लाख करण्यात आली. निवाडा मिळाल्यापासून तीस दिवसांत कंपनीने त्याचे पालन करायचे असते.

या निवाड्याचे सर्वांत महत्त्वाचे वैशिष्ट्य असे की तो कंपनीवर बंधनकारक आहे, तक्रारदारावर नाही. निवाडा विरोधात गेला किंवा निम्मीच रक्कम मिळाली, तरी तक्रारदाराला ग्राहक आयोगाचे दार मोकळे राहते. अट एकच, की तोपर्यंत दुसरी मुदत संपलेली नसावी.

दुसरी मुदत: आयोगाची दोन वर्षे

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा जुलै २०२०पासून लागू आहे. विमा ही त्यात सरळ ‘सेवा’ मानलेली आहे. कायद्याच्या कलम ६९नुसार तक्रारीचे कारण उद्भवल्यापासून दोन वर्षांच्या आत आयोगाकडे तक्रार दाखल करावी लागते.

प्रश्न असा, की विमा दाव्यात हे ‘कारण’ नेमके कधी उद्भवते? दावा वेळेत दाखल झाला असेल आणि कंपनीने तो तपासून फेटाळला असेल, तर सामान्यतः फेटाळल्याचे पत्र मिळाल्याची तारीख धरली जाते. शिक्षकांच्या बाबतीत ती १० जून २०२३. म्हणजे दोन वर्षे जून २०२५च्या दुसऱ्या आठवड्यात संपणार. तक्रार निवारण अधिकाऱ्याचे ४ ऑगस्टचे उत्तर येथे मोजणीत धरून चालू नये. लोकपालाचे घड्याळ ज्या दिवशी सुरू होते, त्याच दिवशी आयोगाचेही सुरू होते, हा नेहमीचा गैरसमज आहे.

मात्र विमाधारकाने दावाच वेळेत केला नसेल, तर परिस्थिती फार कठीण होते. कंदिमल्ला राघवय्या आणि कंपनी विरुद्ध नॅशनल इन्शुरन्स या २००९च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले. तंबाखूच्या साठ्याला मार्च १९८८मध्ये आग लागली होती. विमाधारकाने दाव्याचे अर्ज कंपनीकडे मागितले ते १९९२मध्ये. पुढे वकिलामार्फत नोटीस पाठवली आणि १९९६मध्ये कंपनीने इतक्या उशिरा अर्ज देण्यास नकार कळवला. या नकारापासून मुदत मोजावी, असा विमाधारकाचा युक्तिवाद होता. न्यायालयाने तो मानला नाही. आगीच्या विम्यात कारण उद्भवते ते आग लागली त्या दिवशी; उशिरा पाठवलेल्या नोटिशीला कंपनीने उत्तर दिले एवढ्यावरून मुदत वाढत नाही, असे न्यायालयाने म्हटले.

या निकालातून घ्यायचा धडा साधा आहे. नव्या पत्राने जुनी मुदत नव्याने सुरू होत नाही. कंपनीने दाव्यावर होकार वा नकार काहीच कळवलेले नसेल, तर आपल्यापुरता हिशेब अपघाताच्या, आगीच्या किंवा रुग्णालयातून घरी आल्याच्या तारखेपासूनच करणे सर्वांत सुरक्षित.

दोन वर्षांनंतरही पुरेसे कारण दाखवल्यास आयोग तक्रार स्वीकारू शकतो. त्यासाठी तक्रारीसोबतच विलंब माफीचा वेगळा अर्ज व प्रतिज्ञापत्र द्यावे लागते, आणि आयोगाला विलंब माफ करताना त्याची कारणे नोंदवावी लागतात. कंपनीने मुदतीचा मुद्दा काढला नाही म्हणून तो सुटतो असेही नाही. मुदतीत आहे का हे पाहणे आयोगाचेच कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९मध्येच भारतीय स्टेट बँक विरुद्ध बी. एस. अॅग्रिकल्चर इंडस्ट्रीज या प्रकरणात सांगितले आहे.

घोटाळा कुठे होतो

आता फोंड्यातील कुटुंबाकडे परत जाऊ. ४ ऑगस्टच्या उत्तरानंतर त्यांच्यापुढे तीन वाटा होत्या.

पहिली वाट अशी. त्यांनी सप्टेंबर २०२३मध्ये लोकपालाकडे तक्रार केली असती, तर सुनावणी व निवाडा साधारण २०२४च्या पूर्वार्धात झाला असता. समजा लोकपालाने निम्मी रक्कम मंजूर केली आणि ती त्यांना मान्य झाली नाही. आयोगाची मुदत जून २०२५पर्यंत होती. म्हणजे विचार करायला, कागद जमवायला आणि तक्रार लिहायला त्यांच्याकडे वर्षभराचा काळ उरला असता. पहिल्या दारातून बाहेर पडून दुसऱ्यात शिरण्याची ही निर्धोक पद्धत आहे.

दुसरी वाट म्हणजे लोकपालाला वगळून थेट जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाणे. आयोगाकडे जाण्याआधी लोकपालाकडे जाण्याची सक्ती कायद्यात नाही. मात्र ही वाट धरली की लोकपालाचे दार बंद होते. न्यायालय, ग्राहक आयोग किंवा लवाद यांच्यापुढे जो वाद प्रलंबित आहे किंवा त्यांनी निकाली काढला आहे, त्यावरची तक्रार लोकपाल घेऊ शकत नाही, असा स्पष्ट नियम आहे. आयोगात दोन वर्षे गेल्यावर ‘आता लोकपालाकडे पाहू’ असे म्हणता येत नाही. दोन्हीकडे एकाच वेळी तक्रार ठेवणेही या नियमामुळे शक्य नाही.

तिसरी वाट कोणी ठरवून धरत नाही. तिच्यावर माणूस नकळत जातो. एजंटने सांगितले, ‘सर, वरच्या कार्यालयाला आणखी एक अर्ज करा, होऊन जाईल.’ शिक्षकांनी डॉक्टरांचे पत्र जोडून ऑक्टोबरमध्ये अर्ज केला. उत्तर आले नाही. पुढच्या उन्हाळ्यात स्मरणपत्र पाठवले. मग फोन, मग कंपनीच्या पणजीतील शाखेच्या खेपा. ऑगस्ट २०२४ उलटून गेला तेव्हा लोकपालाची मुदत संपली, हे त्यांना कळलेही नाही. फेब्रुवारी २०२५मध्ये कंपनीने पुन्हा कळवले की पूर्वीचा निर्णय कायम आहे. नवे पत्र आले म्हणजे नवी मुदत मिळाली, असे समजून ते जुलै २०२५मध्ये वकिलाकडे गेले. वकिलाने १० जून २०२३चे पत्र पाहिले आणि आयोगाची मुदतही महिन्याभरापूर्वी संपल्याचे सांगितले.

एका महिन्याचा विलंब माफ होऊ शकतो. आजारपण, कंपनीने दिलेली लेखी आश्वासने, पत्नीची शुश्रूषा अशी कारणे पुराव्यासह मांडता येतात. पण जो दावा मूळ मुद्द्यावर लढायचा होता, तो आता आधी विलंबाच्या मुद्द्यावर लढावा लागणार. तेथे हार झाली तर ‘पाच वर्षे’ ही नोंद खरी होती की खोटी, हा प्रश्न कोणी विचारणारही नाही.

लोकपालाकडील प्रक्रिया लांबली तरीही असाच धोका असतो. लोकपालाकडे गेलेला काळ आयोगाच्या दोन वर्षांतून आपोआप वजा करावा, अशी तरतूद ग्राहक संरक्षण कायद्यात नाही. तो काळ विलंब माफीसाठी चांगले कारण ठरू शकतो. पण तेवढ्यावर विसंबून राहू नये. आयोगाची मुदत संपायला दोन-तीन महिने उरले आणि निवाडा अजून आलेला नसेल, तर लोकपालाकडील तक्रार लेखी मागे घेऊन आयोगाकडे जायचे का, याचा निर्णय त्याच वेळी करावा लागतो.

दोन्ही ठिकाणी मागता येते ते सारखे नाही

मुदतीइतकाच दुसरा फरक महत्त्वाचा आहे, तो म्हणजे कुठे काय मिळू शकते. लोकपाल प्रत्यक्ष झालेल्या नुकसानापलीकडे भरपाई देऊ शकत नाही. शिक्षकांना तेथे फार तर बिलाची देय रक्कम आणि नियमांप्रमाणे व्याज मिळाले असते. मानसिक त्रास, प्रवास, तक्रारीचा खर्च या गोष्टी त्या कक्षेत येत नाहीत. आयोग मात्र देय रकमेवरील व्याजाबरोबर त्रासाची भरपाई आणि तक्रारीचा खर्चही देऊ शकतो.

पुराव्याचीही तीच गोष्ट. लोकपालापुढील सुनावणी थोडक्यात आटोपते आणि मुख्यतः कागदांवर निर्णय होतो. पॉलिसीतील कलमाचा अर्थ काय, कोणता खर्च कापायला नको होता, पैसे द्यायला उशीर का झाला, असे वाद तेथे चांगले सुटतात. आयोगातही साक्ष बहुतांशी प्रतिज्ञापत्रावर होते; पण उपचार करणाऱ्या डॉक्टरचे प्रतिज्ञापत्र दाखल करणे, समोरच्या पक्षाला लेखी प्रश्न विचारणे, तज्ज्ञाचे मत मागवणे यांना तेथे वाव असतो. ‘पाच वर्षे’ ही नोंद कोणी, कोणाला विचारून केली, हा मुद्दा कळीचा असेल आणि कंपनी तो सोडायला तयार नसेल, तर आयोग अधिक योग्य ठरतो. दस्तऐवज बनावट असल्याचा किंवा फसवणुकीचा गुंतागुंतीचा आरोप असेल, तर आयोगही पक्षकारांना दिवाणी न्यायालयात जायला सांगू शकतो.

रकमेची मर्यादा दोन्हीकडे वेगवेगळ्या मापाने मोजली जाते, हे अनेकांना ठाऊक नसते. लोकपालासाठी दाव्याची रक्कम पाहिली जाते. आयोगासाठी ग्राहकाने सेवेचा मोबदला म्हणून भरलेली रक्कम, म्हणजे विम्याचा हप्ता पाहिला जातो. भरलेला मोबदला ५० लाख रुपयांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, त्यापुढे दोन कोटींपर्यंत राज्य आयोग आणि त्यापुढे राष्ट्रीय आयोग. त्यामुळे एक कोटीच्या आयुर्विम्याचा वादही, हप्ता काही हजारांचा असेल तर, जिल्हा आयोगातच जातो. लोकपालाकडे मात्र ५० लाखांपलीकडची रक्कम मिळत नाही. मोबदल्यावर आधारलेली ही पद्धत सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५मध्ये वैध ठरवली. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्कही लागत नाही. म्हणजे ३१ हजारांचा हप्ता भरणाऱ्या शिक्षकांना दोन्ही ठिकाणी शुल्काचा बोजा नव्हता.

दुकानदार व छोट्या उद्योजकांसाठी आणखी एक भेद आहे. लोकपालाकडे वैयक्तिक व गट पॉलिसींबरोबर एकल मालकीचे व्यवसाय आणि सूक्ष्म उद्योग यांच्या पॉलिसींच्या तक्रारी घेतल्या जातात. मोठी कंपनी तेथे जाऊ शकत नाही. ग्राहक आयोगात ‘हा व्यापारी हेतू आहे’ असा आक्षेप विमा कंपन्या घेत असत. पण नुकसान भरून काढण्यासाठी घेतलेला विमा हा नफा कमावण्यासाठी नसतो, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३मध्ये नॅशनल इन्शुरन्स विरुद्ध हर्सोलिया मोटर्स या प्रकरणात म्हटले. त्यामुळे गोदामाच्या आगीचा विमा असलेल्या व्यापाऱ्यालाही आयोगाकडे जाता येते.

आयोगात गेल्यावर

तक्रारदार जेथे राहतो किंवा काम करतो, तेथील जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते, ही २०१९च्या कायद्यातील मोठी सोय. उपचार बेळगावला झाले आणि कंपनीचे मुख्यालय मुंबईत असले, तरी फोंड्यातील कुटुंबाला गोव्यातच दाद मागता आली असती. तक्रार e-jagriti.gov.in या पोर्टलवरूनही दाखल होते. वकील नेमणे सक्तीचे नाही.

तक्रारीसोबत पॉलिसी आणि तिच्या अटी, प्रस्ताव अर्जाची प्रत, हप्त्याच्या पावत्या, दाव्याचा अर्ज, बिले, डिस्चार्ज कार्ड, फेटाळल्याचे पत्र, कंपनीशी झालेला पत्रव्यवहार आणि प्रतिज्ञापत्र जोडावे. तक्रारीच्या आरंभीच ‘दावा फेटाळल्याचे पत्र अमुक तारखेला मिळाले, तक्रार दोन वर्षांच्या आत आहे’ असे एक स्वतंत्र परिच्छेद करून लिहावे. पत्र टपालाने आले असेल तर पाकीट फेकू नये. पत्रावरची तारीख आणि ते हाती पडल्याची तारीख यांत फरक असतो आणि तो फरक पाकिटावरील शिक्क्याने सिद्ध होतो. ईमेलच्या बाबतीत मूळ संदेश जपावा.

फेटाळल्याच्या पत्रातील मजकूर आणखी एका कारणासाठी नीट वाचावा. त्या पत्रात जे कारण दिलेले नाही, ते कंपनीला नंतर आयोगापुढे नव्याने मांडता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सौराष्ट्र केमिकल्स विरुद्ध नॅशनल इन्शुरन्स या प्रकरणात २०१९मध्ये ठरवले आहे. शिक्षकांच्या पत्रात केवळ रक्तदाब लपवल्याचे कारण होते. कागदपत्रे उशिरा दिली, असा आक्षेप कंपनीने नंतर काढला असता, तर या निकालाचा आधार घेता आला असता.

कंपनीलाही मुदत असते. नोटीस मिळाल्यापासून तीस दिवसांत तिला लेखी उत्तर द्यावे लागते आणि आयोग त्यात फार तर पंधरा दिवसांची वाढ देऊ शकतो. ४५ दिवसांपलीकडे ही मुदत वाढवता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने मार्च २०२०मध्ये, योगायोगाने विम्याच्याच एका प्रकरणात दिला. म्हणून नोटीस कंपनीला कधी मिळाली, याचा पुरावा तक्रारदाराने पोर्टलवर वा टपाल खात्याकडून तपासून ठेवावा.

वस्तूच्या तपासणीची गरज नसलेली तक्रार नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदा सांगतो. प्रत्यक्षात तारखा लागत जातात आणि त्याहून बराच अधिक काळ लागू शकतो. शिवाय निकाल लागला म्हणजे शेवट झाला असे नाही. जिल्हा आयोगाच्या आदेशाविरुद्ध ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येते. मात्र अपील करणाऱ्या कंपनीला आदेशातील निम्मी रक्कम आधी जमा करावी लागते. आदेश पाळला नाही तर अंमलबजावणीचा अर्ज करता येतो आणि त्यात एक महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कारावासाची किंवा किमान २५ हजार रुपये दंडाची तरतूद आहे.

मग कोणती वाट धरावी

दावा ५० लाखांच्या आत आहे, वाद कागदांवरून सुटण्यासारखा आहे, त्रासाच्या भरपाईपेक्षा मूळ रक्कम लवकर मिळणे महत्त्वाचे आहे आणि आयोगाच्या दोन वर्षांतील निदान एक वर्ष हाती आहे, अशा वेळी आधी लोकपालाकडे जाणे शहाणपणाचे ठरते. तेथे हरले तरी आयोग उरतो. जिंकले तर कंपनीला त्याविरुद्ध नियमित अपील नाही. फार तर उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते.

रक्कम ५० लाखांहून मोठी आहे, डॉक्टर किंवा सर्वेक्षक यांच्या म्हणण्याची पडताळणी आवश्यक आहे, कंपनीच्या वागण्याबद्दल भरपाईही मागायची आहे किंवा दोन वर्षांपैकी थोडेच महिने उरले आहेत, तर थेट आयोगाकडे जावे. लोकपालाची एक वर्षाची मुदत हुकली असली, पण दोन वर्षे संपलेली नसली, तरीही हीच वाट उरते.

फोंड्यातील शिक्षकांनी १० जूनच्या पत्राच्या कोपऱ्यात त्याच दिवशी ‘आयोग: ९ जून २०२५’ आणि ऑगस्टमधील उत्तराच्या कोपऱ्यात ‘लोकपाल: ३ ऑगस्ट २०२४’ असे लिहून ठेवले असते, तर एजंटच्या सांगण्यावरून आणखी एक अर्ज करायलाही हरकत नव्हती. मग तो अर्ज कधी थांबवायचा, हे त्या दोन तारखांनीच त्यांना सांगितले असते.